स्क्रीनवरचं एक नाव बदलताना

माहितीपत्रकासाठी काढलेला हा फोटो. टेबलावर जरा तिरका ठेवलेला लॅपटॉप, डावीकडे खिडकी, आणि स्क्रीनवर बँकेचा उघडा फॉर्म. त्यात खऱ्या ग्राहकाचं नाव वाचता येतंय. छपाईला जाण्याआधी तिथे ‘नमुना खातेदार’ असं यायला हवं. नुसतं पुसून टाइप केलं, तर नवं नाव वरून चिकटवलेल्या स्टिकरसारखं दिसेल.

फोटोशॉपमध्ये आधी कोन. अक्षरं अंदाजाने तिरकी करू नका. 1920 बाय 1080 चा, म्हणजे या स्क्रीनएवढा कोरा आयत घ्या, नाव फॉर्ममधल्या त्याच जागी लिहा, त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट करा. मग Distort वापरून आयताचे चार कोपरे फोटोतल्या स्क्रीनच्या चार कोपऱ्यांवर बसवा. लांबच्या बाजूची अक्षरं आपोआप लहान होतात. देवनागरीत चूक लगेच पकडता येते: नव्या नावाची शिरोरेषा वरच्या-खालच्या ओळींच्या मधोमध झुकलेली दिसली पाहिजे.

आता या शेजारच्या ‘खाते क्रमांक’वर आयड्रॉपर ठेवू. फॉर्ममध्ये ही अक्षरं काळी आहेत. फोटोत मात्र सावलीच्या बाजूला उजळपणाचे आकडे 40 च्या आसपास आहेत, आणि खिडकीचं प्रतिबिंब पडलंय तिथे 110 च्या पुढे. काचेवरून परतलेला उजेड काळ्या अक्षरावरही जमा होतो. चमक म्हणजे बेरीज.

मुआरेच्या पट्ट्यांचं तसं नाही. स्क्रीनच्या पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी जुळत नाहीत, म्हणून हे गुलाबी-हिरवे पट्टे उमटतात. ते स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडातले. काळ्या अक्षरातून उजेडच येत नाही, त्यामुळे तिथे पट्टाही जवळपास नसतो.

एवढं कळलं की काम सोपं होतं. पट्टे फक्त अक्षरांमागच्या पांढऱ्या जागेत सांभाळायचे. जुनं नाव पुसताना हीलिंग ब्रश नको, तो पट्टे पुसट करतो. क्लोन स्टॅम्प घ्या आणि पट्टा जातो त्याच दिशेने ओढा. चमक अक्षरांवर द्यायची: अक्षरांना क्लिप केलेला लेयर, Screen मोड, मऊ ब्रश, आणि रंग प्रतिबिंबातूनच उचललेला. आयड्रॉपर शेजारच्या अक्षरांइतका आकडा दाखवेपर्यंत हळूहळू भरा. शेवटी कडा किंचित धूसर करा आणि फोटोतला दाणा अक्षरांवरही आणा.

तपासायला सगळ्यात वर Curves लेयर टाका आणि रेषा एकदम उभी करा. जुन्या अक्षरांच्या जागी पट्टा तुटला असेल, तर तो इथे स्पष्ट दिसतो.

पट्टे फारच बारीक आणि गुंतलेले असतील, तर क्लोन पुरत नाही. अशा वेळी नमुना नाव त्याच लॅपटॉपवर उघडून पुन्हा फोटो काढावा. पण ट्रायपॉड, लॅपटॉप आणि फोकस जिथल्या तिथे हवेत. कॅमेरा किंचित सरकला तरी पट्ट्यांची नक्षी बदलते, आणि मग नव्या फोटोतला तुकडा जुन्यात बसत नाही. पूर्ण स्क्रीनच बदलावी लागते.