आम्ल गेलं कुठं?

[दृश्य: चार्जरवरचा दिवा लाल असतो, मग हिरवा होतो. कोपऱ्यात घड्याळ.]

निवेदन:
पस्तीस मिनिटं. एवढ्यात चार्जरनं सांगून टाकलं, बॅटरी भरली.

बॅटरी बारा व्होल्टची आहे, शंभर अँपिअर-अवरची, शिसं-आम्लाची, वरून पाणी घालायची. अर्धी वापरून कुणीतरी बाजूला ठेवली आणि ती सात महिने तशीच पडून राहिली. अशी बॅटरी भरायला दहा अँपिअरनं निदान आठ-नऊ तास लागायला हवेत. ही पस्तीस मिनिटांत भरली असेल, तर तो चमत्कार म्हणायचा. आम्ही चमत्कार बाजूला ठेवला आणि तिच्या सहा कप्प्यांची, म्हणजे सेलची, टोपणं उघडली.

[दृश्य: हायड्रोमीटरमध्ये आम्ल चढतं. आतला तरंगता दांडा खोल बुडालेला.]

निवेदन:
हे हायड्रोमीटर. आम्ल दाट असलं की दांडा वर तरंगतो, पातळ असलं की बुडतो. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये इथं १.२७० च्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे आम्ल पाण्याच्या १.२७ पट जड. पहिल्या पाच सेलमध्ये आम्हाला १.१४० च्या आगेमागे दिसला. सहाव्यात १.०९०. चार्जरला लावण्याआधी हेच आकडे होते आणि हिरवा दिवा लागल्यावरही हेच आहेत.

आम्ल उडून जात नाही. ही बॅटरी कधी कलंडली नव्हती, सांडली नव्हती. उडतं ते पाणी, आणि पाणी उडालं तर आम्ल उलट दाट होतं. मग एवढं आम्ल गेलं कुठं?

[दृश्य: कापून उघडलेल्या दुसऱ्या एका जुन्या बॅटरीची प्लेट. करड्या पृष्ठभागावर पांढुरके डाग. बोट नखानं खरवडतं, आवाज ऐकू द्या.]

निवेदन:
इथं.

करडा भाग म्हणजे शिसं, स्पंजासारखं सच्छिद्र. पांढरा भाग म्हणजे लेड सल्फेट. बॅटरी वापरताना गंधकाम्लातला सल्फेट शिशाला चिकटतो आणि द्रवात उरतं ते पातळ आम्ल. दोन्ही प्लेटांवर सल्फेटच तयार होतो, हे ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ च्या सुमारास मांडलं. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँतेनं ही शिशाची बॅटरी बनवली होती १८५९ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं ती वापरात होती, आत काय होतं ते पुरतं कळलेलं नसताना.

तेव्हा सल्फेट हा रोग नाही. तो या बॅटरीचा रोजचा श्वास आहे. डिस्चार्ज केली की सल्फेट होणारच आणि चार्ज केली की तो परत विरघळून आम्लात जाणार. बिघडतं ते तो सल्फेट प्लेटवर बसून राहतो तेव्हा. त्याला सल्फेशन म्हणतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दोन चौकटी. डावीकडे नुकत्याच उतरलेल्या प्लेटवरचे बारीक कण. उजवीकडे महिनोन्‌महिने पडून असलेल्या प्लेटवरचे मोठे, धारदार कडांचे स्फटिक. इथं थांबा, निवेदनाला घाई नको.]

निवेदन:
डावीकडचे कण ताजे आहेत, रव्यासारखे बारीक. उजवीकडे तोच पदार्थ आहे, त्याच रसायनाचा, पण स्फटिक कितीतरी पट मोठे झालेत.

सल्फेट आम्लात जवळजवळ विरघळत नाही. लिटरमागे काही मिलिग्रॅम, बस्स. पण 'जवळजवळ' या शब्दातच सगळी गोष्ट आहे. बारीक कण मोठ्या कणांपेक्षा किंचित जास्त विरघळतात. म्हणून बारीक कणातून सुटलेला सल्फेट द्रवात येतो आणि शेजारच्या मोठ्या स्फटिकावर जाऊन बसतो. बारीक संपत जातात, मोठे आणखी मोठे होतात. रसायनशास्त्रात याला ओस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. आइसक्रीम बरेच दिवस फ्रीजरमध्ये राहिलं की त्यात बर्फाचे खडे लागतात, तेही याच वाटेनं.

आता प्रश्न असा की हे अर्धवट उतरलेल्या बॅटरीतच इतकं का होतं.

पहिलं कारण साधं आहे: प्लेटवर सल्फेट असेल तरच त्याचे स्फटिक वाढणार. भरलेल्या बॅटरीत वाढायला मालच नसतो.

दुसरं कारण मात्र खोडकर आहे. दाट आम्लात लेड सल्फेट कमी विरघळतं, पातळ आम्लात जास्त. बॅटरी उतरली की आम्ल पातळ होतं. म्हणजे जिथं सल्फेट भरपूर आहे, नेमकं तिथंच त्याला सुटून दुसरीकडे बसायची मोकळीक मिळते. त्यात दिवसा ऊब आणि रात्री गारवा असेल, तर दिवसा थोडं जास्त विरघळतं आणि रात्री ते मोठ्या स्फटिकावर उतरतं. दर दिवशी एक थर. आमच्या बॅटरीनं असे दोनशेहून जास्त दिवस काढले. शिवाय बॅटरी नुसती ठेवली तरी आपली आपण उतरत राहते, त्यामुळे अर्धी ठेवलेली अर्धी राहिली नव्हती. आकड्यावरून पाहिलं तर जास्तीत जास्त पाव भाग उरला होता.

[दृश्य: मल्टीमीटर, ११.८३ व्होल्ट. मग परत सूक्ष्मदर्शकाची उजवी चौकट.]

निवेदन:
आणि रोज वापरात असलेली बॅटरीही यातून सुटत नाही. तिला दररोज नव्वद टक्केच भरलं, तर उरलेल्या दहा टक्क्यांतले स्फटिक बी म्हणून मागे राहतात. दुसऱ्या दिवशीचा नवा सल्फेट त्या बियांवरच जमतो. हा त्रास जास्त करून निगेटिव्ह प्लेटला होतो.

[दृश्य: चार्जरचा हिरवा दिवा पुन्हा. व्होल्टचा आकडा भराभर चढतो, अँपिअरचा पडतो.]

निवेदन:
आता हिरव्या दिव्याकडे वळू. चार्जर आम्ल मोजत नाही, व्होल्ट मोजतो. चार्ज होताना सल्फेट आधी विरघळावा लागतो, मगच त्याचं शिसं होतं. त्याच वजनाच्या बारीक कणांना मिळून पृष्ठभाग मोठा असतो, ते झटपट विरघळतात. मोठ्या स्फटिकांचा पृष्ठभाग कमी, त्यामुळे विरघळणं संथ. चार्जर मात्र दहा अँपिअर ढकलतच असतो. त्या विजेला करण्यासारखं काम मिळत नाही, मग ती पाणीच फोडायला लागते. व्होल्टेज उसळी मारतं, बुडबुडे येतात. चार्जर म्हणतो, झालं. खरं तर कामाला सुरुवातसुद्धा झालेली नसते.

म्हणून ओळखायची खूण ही: व्होल्ट लवकर वर, अँपिअर लवकर खाली, आणि हायड्रोमीटर जागचा हलत नाही.

[दृश्य: आमची बॅटरी टेबलावर, टोपणं सैल, खिडक्या उघड्या. छोटा पॉवर सप्लाय, आकडा १.००. भिंतीवर कागद, त्यावर रोजची नोंद.]

निवेदन:
यातून ती परत आणता येते का? आम्ही जुनी, कंटाळवाणी रीत धरली. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीला फक्त एक अँपिअर, आणि तोही रात्रंदिवस. स्फटिक ज्या वेगानं विरघळतात, त्याच वेगानं वीज द्यायची, एवढाच त्यातला विचार.

पाणी कमी होतं तिथं डिस्टिल्ड वॉटर घातलं. आम्ल घातलं नाही. आम्ल घातलं असतं तर हायड्रोमीटर लगेच खूश झालं असतं, पण हरवलेलं आम्ल अजून प्लेटांवरच बसलंय. वर आम्ल दाट झालं की सल्फेट आणखी कमी विरघळणार.

पहिल्या तासात व्होल्टमीटरनं १५.९ दाखवले. चौदा तासांनी १३.६. चार्ज चालू असताना व्होल्टेज खाली येतं, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चूक वाटते. पण हीच चांगली बातमी आहे: विजेला आता काम मिळू लागलंय.

पहिल्या दिवशी हायड्रोमीटर मात्र ढिम्म. प्लेटांतून सुटलेलं आम्ल जड असतं, ते तळाशी जातं, आणि आपण वरून चोखतो. दुसऱ्या दिवशी बुडबुड्यांनी द्रव ढवळला गेला, तेव्हा कुठं आकडे हलले.

[दृश्य: हायड्रोमीटरचे पाच शॉट, एकापाठोपाठ. दांडा दर वेळी थोडा वर.]

निवेदन:
१.१४०. १.१५५. १.१९०. १.२२५. आणि पाचव्या दिवशी, एकशेवीस तासांनंतर, १.२४५. पुढचे आठ तास आकडा तिथंच राहिला, तेव्हा आम्ही थांबलो.

हरवलेल्या आम्लापैकी पाचात चार भाग द्रवात परत आले. उरलेला एक भाग बहुधा येणार नाही. तो प्लेटच्या अशा कोपऱ्यात आहे जिथं वीज पोचत नाही, कारण सल्फेट वीज वाहत नाही आणि तिथल्या शिशाचा धागाच तुटलेला असतो. शिवाय शिशाचं सल्फेट होताना ते अडीच पटीहून जास्त जागा घेतं. ही फुगण्या-आकसण्याची ओढाताण होते, तेव्हा काही माल सुटून तळाशी पडतो. पडलेला माल कुठलाच चार्जर वर आणत नाही.

बाजारात पल्स, म्हणजे विजेचे छोटे झटके, देणारी यंत्रं मिळतात. कंपनानं स्फटिक फोडतो, असा त्यांचा दावा असतो. मला त्यात रसायन कमी आणि जाहिरात जास्त दिसते. हलकं सल्फेशन असेल तर त्यांनी फरक पडतो, पण तो सावकाश चार्ज केल्यानंही पडतो. काही जण बॅटरी सुधारायला आत एप्सम सॉल्ट नावाचं मीठ घालतात, त्याचं तर आणखीच वाईट: त्यानं हायड्रोमीटरचा आकडा वाढतो, कारण पाण्यात मीठ घातलं की ते जड होणारच.

सीलबंद बॅटरीवर हा पाच दिवसांचा खेळ करू नये. तिच्यात उडालेलं पाणी परत घालता येत नाही.

[दृश्य: बॅटरीला पाच अँपिअरचा लोड. घड्याळ. मग कॅमेरा वरून सहा तोंडांकडे. पाच शांत. सहाव्यात बुडबुडे. निवेदन थांबतं, चार सेकंद नुसतं दृश्य.]

निवेदन:
आता सहावा सेल. पाच दिवसांनी तोही चढला, पण १.१५० पर्यंतच. आम्ही बॅटरीवर पाच अँपिअरचा लोड टाकला. नवी असती तर वीस तास चालली असती. ही सहा तास वीस मिनिटांत साडेदहा व्होल्टच्या खाली आली.

पाहा, आपण चार्ज करत नाही आहोत, वापरतो आहोत. तरी या एका सेलमध्ये बुडबुडे येतायत. तो रिकामा झालाय आणि शेजारचे पाच त्याच्यातून उलटी वीज ढकलतायत. चार्ज केल्यावर एक रात्र ठेवून पाहिलं, तर एकट्या याच सेलची घनता घसरली होती. आत, बहुधा तळाशी साचलेल्या गाळानं, दोन प्लेटा जोडल्या गेल्यात. हे सल्फेशन नाही, आणि सल्फेशनच्या उपायानं हे जात नाही.

[दृश्य: भिंतीवरचा कागद. सहा रकाने. सहाव्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.]

निवेदन:
सहा सेल एका साखळीत असतात, म्हणून एक गेला की बॅटरी गेली. ती आता शिसं परत काढणाऱ्या कारखान्याकडं जाईल, आम्लासकट, न फोडता. कारण उघड्यावर फोडली तर ते शिसं मातीत जातं आणि मुलांच्या रक्तात उतरतं.

पण पाच रकान्यांत शेवटचा आकडा १.२४५ आहे. सात महिने उतरत राहिला होता, तो पाच दिवसांत चढला, एका अँपिअरनं.