पॉइंट्स टेबल वाचता आलं, की बंद दारामागचं बोलणं कळतं
(मोबाइल गेमच्या स्पर्धा खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. आधी एक वाक्य ऐकवतो. "एक नॉक, एक नॉक! पुश नको, थर्ड पार्टी येईल. झोन तिकडे गेलाय, रोटेट करू." तुमच्यापैकी अनेकांनी हे किंवा असंच काहीतरी बंद दारामागून ऐकलं असेल. मुलगा ओरडतोय म्हणजे चिडलाय, असं तुम्हाला वाटलं असणार. तो चिडलेला नसतो. तो आपल्या तीन साथीदारांना माहिती देत असतो, आणि ती दोन सेकंदांत पोचली नाही तर तिचा काही उपयोग नसतो.

मोबाइलवर स्पर्धा होणारे खेळ बरेच आहेत. मी आज फक्त बॅटल रॉयल प्रकाराबद्दल बोलणार आहे, म्हणजे सगळे एकमेकांविरुद्ध आणि शेवटपर्यंत उरेल तो जिंकला, असे खेळ: पबजी मोबाइल, फ्री फायर वगैरे. त्यातही उदाहरण पबजी मोबाइलच्या स्पर्धेचं घेतो, कारण ते एक कळलं की बाकीचे समजायला फार वेळ लागत नाही.

एका सामन्यात साधारण सोळा संघ असतात आणि प्रत्येकात चार खेळाडू. म्हणजे चौसष्ट जण एकाच नकाशावर एकाच वेळी उतरतात. या सगळ्यांच्या जमावाला लॉबी म्हणतात. "आज लॉबी कडक होती" याचा अर्थ समोरचे संघ तगडे होते. फ्री फायरमध्ये बहुधा बारा संघ असतात, बाकी मांडणी तीच.

स्पर्धेची लॉबी नेहमीच्या खेळासारखी बटण दाबून मिळत नाही. आयोजक एक खासगी रूम उघडतो. तिचा आयडी आणि पासवर्ड सामन्याच्या थोडा वेळ आधी संघांना पाठवला जातो. मुलं या जोडीला आयडी-पास म्हणतात. प्रत्येक संघाला एक क्रमांक दिलेला असतो, तो त्यांचा स्लॉट. सातव्या स्लॉटच्या संघानं सातव्याच जागी बसायचं, दुसरीकडे बसला तर आयोजक त्याला रूममधून काढू शकतो. ठरलेली वेळ झाली की रूम सुरू होते, कुणासाठी थांबत नाही. म्हणून "आयडी-पास आलाय" असं म्हणत मूल ताटावरून उठतं तेव्हा ते नाटक करत नसतं. मात्र सामन्यांचं वेळापत्रक बहुतेक वेळा आधी जाहीर झालेलं असतं. ते तुम्ही मागून घ्या आणि जेवणाची वेळ त्याप्रमाणे ठरवा. हा वाद तिथेच मिटतो.

आता मघाच्या वाक्याकडे येऊ. गोळ्या लागून एखाद्याची ताकद संपली की तो लगेच बाद होत नाही, गुडघ्यावर येतो आणि फक्त सरपटू शकतो. हा नॉक. साथीदारानं जवळ जाऊन साधारण दहा सेकंद दिले तर तो पुन्हा उभा राहतो, याला रिव्हाइव्ह म्हणतात. कुणी उठवलं नाही, किंवा प्रतिस्पर्ध्यानं आणखी गोळ्या घातल्या, तर तो फिनिश, म्हणजे त्या सामन्यापुरता बाद. संघातला शेवटचा उभा खेळाडू पडला तर नॉक वगैरे काही नाही, सगळा संघ तत्काळ बाहेर. "एक नॉक" ही हाक दोन्ही अर्थांनी येते: त्यांचा एक पडला किंवा आपला एक पडला. कुणाचा, हे आवाजाच्या पट्टीवरून तुम्हाला आठवड्याभरात कळायला लागेल.

समोरचा एक पडला म्हणजे ते तीन आणि आपण चार. अशा वेळी अंगावर धावून जाण्याला पुश म्हणतात. मग "पुश नको" का? दोन संघ भांडत असले की गोळीबाराचा आवाज दूरवर जातो. तो ऐकून तिसरा संघ येतो आणि थकलेल्या दोघांनाही गाठतो. ही थर्ड पार्टी. जिंकत आलेली लढाई सोडून देणं बाहेरून भित्रेपणाचं वाटेल, पण कित्येकदा तोच शहाणा निर्णय असतो.

राहिला झोन. नकाशावर एक वर्तुळ असतं आणि ते टप्प्याटप्प्यानं लहान होत जातं. वर्तुळाबाहेर राहिलात तर ताकद आपोआप कमी होते आणि शेवटी तुम्ही बादच होता. थोडक्यात, संगीत खुर्ची. फक्त पुढची खुर्ची कुठे मांडली जाणार हे थोडं आधी दाखवतात. वर्तुळ सरकलं की नव्या जागी कुठल्या वाटेनं आणि कधी निघायचं याला रोटेशन म्हणतात. लवकर निघालं तर चांगलं घर किंवा टेकडी ताब्यात येते, पण वाटेत अजून बरेच संघ जिवंत असतात. उशिरा निघालं तर वाट रिकामी मिळते, पण आत शिरायला जागा उरत नाही. हा निर्णय ज्याचा, तो आयजीएल, म्हणजे खेळ चालू असताना संघाला आदेश देणारा कप्तान. माझ्या मते संघातलं सर्वांत अवघड काम त्याचंच. गोळ्या चुकल्या तर कुणी फार बोलत नाही, रोटेशन चुकलं तर सगळे त्याच्याकडे बघतात. तुमचं मूल आयजीएल असेल आणि सामन्यानंतर गप्प बसत असेल, तर बरेचदा कारण हे असतं.

हे सगळं जिथे उतरतं ते पॉइंट्स टेबल. पालकांनी एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. गुण दोन वाटांनी मिळतात. प्रत्येक फिनिशला एक गुण, हे फिनिश पॉइंट्स. सामन्यात संघ कितव्या क्रमांकापर्यंत टिकला याचे वेगळे गुण, हे प्लेसमेंट पॉइंट्स. मोठ्या स्पर्धांत अलीकडे रुळलेली वाटणी अशी: पहिल्याला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, चौथ्याला 4, पाचव्याला 3, सहाव्याला 2, सातव्या-आठव्याला एकेक. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत शून्य. आयोजकानुसार आकडे बदलतात, म्हणून नियमावलीत ही ओळ आधी बघावी.

आता दोन संघ घेऊ, तीन सामन्यांचे. पहिला संघ धडाकेबाज. पहिल्या सामन्यात त्यांनी 11 फिनिश केले, पण नवव्या क्रमांकावर बाद झाले. गुण 11. दुसऱ्या सामन्यात उतरल्या उतरल्याच दुसऱ्या एका संघाशी गाठ पडली, याला क्लॅश म्हणतात. 2 फिनिश, चौदावा क्रमांक, गुण 2. तिसऱ्यात 4 फिनिश आणि पाचवा क्रमांक, म्हणजे 4 आणि 3 मिळून 7. एकूण 20.

दुसरा संघ सावध. पहिल्या सामन्यात 3 फिनिश, दुसरा क्रमांक, 3 आणि 6 मिळून 9. दुसऱ्यात 2 फिनिश, चौथा क्रमांक, 6 गुण. तिसऱ्यात 5 फिनिश आणि पहिला क्रमांक, म्हणजे 15. एकूण 30.

फिनिश मोजा. पहिल्याचे 17, दुसऱ्याचे 10. सात जास्त गडी बाद करून पहिला संघ दहा गुणांनी मागे आहे. तुम्ही पडद्याकडे बघता तेव्हा मूल दहा मिनिटं एका खोलीत दबा धरून बसलेलं दिसतं आणि "हा काय खेळ?" असं वाटतं. ते दहा मिनिटं टिकणं म्हणजेच ते सहा किंवा दहा गुण. पण उलटंही खरं आहे. नुसतं लपून आठवं आलं तर एकच गुण मिळतो, आणि तेवढा तर एका फिनिशलाही मिळतो. त्यामुळे चांगला संघ सुरुवातीला लढाया टाळतो आणि शेवटच्या चार-पाच संघांत पोचला की अंगावर जातो.

टेबलमध्ये WWCD, म्हणजे "विनर विनर चिकन डिनर", असा एक रकाना दिसेल. तो संघ किती सामन्यांत शेवटपर्यंत उरला, तो आकडा. मुलं म्हणतात "चिकन घेतलं", फ्री फायरवाले म्हणतात "बूयाह". दोन संघांचे एकूण गुण सारखे झाले तर पुष्कळ स्पर्धांत आधी हाच रकाना बघतात. मूल घरी येऊन "एका चिकननं गेलो" म्हणालं तर ते याबद्दल असतं.

एक सामना पबजी मोबाइलमध्ये सुमारे अर्धा तास चालतो. दिवसाला सहा सामने असले तर मधल्या विश्रांतीसकट चार तास सहज जातात. हा खेळ मध्ये थांबवता येत नाही. इंटरनेट गेलं किंवा फोन आला तरी पात्र नकाशावर तसंच उभं राहतं, कुणीही येऊन त्याला बाद करतं, आणि एका खेळाडूसाठी सामना पुन्हा खेळवत नाहीत. म्हणून "दोन मिनिटं थांबव" हे इथे लागू होत नाही. "या सामन्यानंतर थांब" हे लागू होतं, आणि ते हक्कानं म्हणावं. पण त्याआधी विचारा: ही स्पर्धा आहे की स्क्रिम? स्क्रिम म्हणजे सरावाचा सामना. त्याच लॉबीत, त्याच नियमांनी होतो, टेबलही लागतं, पण पुढच्या फेरीशी त्याचा संबंध नसतो. एखादा संध्याकाळचा स्क्रिम परीक्षेच्या आठवड्यात सुटला तर बिघडत नाही. मूल याला विरोध करेल, कारण वारंवार गैरहजर राहणाऱ्या संघाचा स्लॉट दुसऱ्याला देतात. त्याचं म्हणणं खोटं नाही, तरीही आधी कळवून सुटी घेता येते.

रोस्टर लॉक ही मुदत मात्र पाळावी लागते. त्या तारखेनंतर संघातली नावं सहसा बदलता येत नाहीत. राखीव खेळाडू नोंदवलेला नसेल आणि त्याच दिवशी तुमच्या घरी लग्न असेल, तर चारांचे तीन होऊन खेळावं लागतं. त्यामुळे संघ नोंदवण्याआधी घरची तारीखवही एकदा बघा.

शेवटी दोन शब्द, जे कानावर आले तर लक्ष द्यावं. पहिला टीमिंग. वेगळ्या नावांनी उतरलेल्या दोन संघांनी आतून हातमिळवणी करणं. "मित्रांच्या संघाला मारलं नाही, एवढंच" असं मूल सहज सांगेल, पण पंच त्याला टीमिंग म्हणू शकतात आणि संघ बाद होऊ शकतो. दुसरा पीओव्ही. खेळाडूच्या स्वतःच्या पडद्याचं रेकॉर्डिंग. संशय आला की आयोजक ते मागतात. काही ठिकाणी हात आणि फोन दोन्ही दिसतील असं बाहेरून केलेलं चित्रणही मागतात, त्याला हँडकॅम म्हणतात. मागितलेलं दिलं नाही तर निकाल रद्द होऊ शकतो. त्यामुळे आयोजकानं पीओव्ही मागितला म्हणून मूल चिडलं, तर गुन्हा सिद्ध झाला असं समजू नका. फोनमध्ये जागा शिल्लक आहे का आणि रेकॉर्डिंग चालू केलं होतं का, एवढं विचारा.