पंचेचाळीस? कितीपैकी?

(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘गुणांचे विश्लेषण’ असा भारदस्त छापला आहे. पण विश्लेषणाच्या आधीच गाडी घसरते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पोरगं येऊन सांगतं, “गणितात ४५ मिळाले.” आता बघा, हे वाक्य मी नुसतं उच्चारलं आणि समोर काहींनी कपाळाला आठ्या घातल्या, काहींनी मान डोलावली. आठ्या घालणाऱ्यांनी मनात १०० धरले, मान डोलावणाऱ्यांनी ५० धरले. मी मात्र काहीच धरलं नव्हतं! पन्नासपैकी असतील तर ९० टक्के, ऐंशीपैकी असतील तर सव्वाछप्पन्न टक्के, शंभरपैकी असतील तर ४५ टक्के. आपापल्या शाळेत जी परीक्षा होती, ती आपण मनातल्या मनात या मुलावर लादतो आणि लगेच क्लासची चौकशी सुरू करतो.

“मग कितीपैकी, एवढं विचारलं की झालं ना?” नाही झालं. तिथंच माझी जुनी तक्रार आहे, आणि ती मी आज मांडणारच.

आपल्या राज्य मंडळाची दहावी घ्या. गणित १०० गुणांचं. त्यात बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, भूमितीचा ४० गुणांचा, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. उत्तीर्ण व्हायला ३५. आता सराव परीक्षा झाली. मुलगी म्हणते, “गणितात ४५.” एक गोष्ट तर न विचारताच कळते की हे एका पेपरचे गुण नाहीत, कारण एक पेपर ४० गुणांचाच आहे. म्हणजे दोन्हींची बेरीज आहे. पण अंतर्गतचे वीस धरून की सोडून? बऱ्याच शाळा सराव परीक्षेचा निकाल ८० गुणांवर देतात, काही अंतर्गत गुण घालून १०० वर देतात. मुलीला ते ठाऊक असतंच असं नाही. तिला कागदावर आकडा दिसला, तो तिनं सांगितला.

दोन शक्यता मांडून बघू. पहिली, ४५ हे लेखी ८० पैकी आहेत. अंतर्गतमध्ये १८ मिळाले असं धरलं, तर शंभरपैकी ६३ होतात. मुलगी ठीक चालली आहे, थोडा सराव वाढवला की झालं. दुसरी, ४५ मध्ये ते १८ आधीच आहेत. मग लेखी उरले २७. ऐंशीपैकी २७ म्हणजे पावणेचौतीस टक्के. प्रयोगवही, गृहपाठ आणि बाईंची माया यांनी तिला काठावरून वर ओढलं आहे. (हशा) बाई हसताहेत, म्हणजे मुद्दा पोचला. अंतर्गत गुणांबद्दल मला आकस नाही. पण ते लेखी गुणांत मिसळून एकच आकडा सांगितला की दुखणं झाकलं जातं, आणि मार्च उजाडेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही.

आता त्या २७ च्या आणखी जवळ जाऊ. बीजगणितात १३ आणि भूमितीत १४ असतील, तर दोन्हीकडे सारखाच अशक्तपणा आहे. मुळातली आकडेमोड, समीकरण सोडवताना चिन्हं चुकणं, असं काहीतरी खालचं तपासायला हवं. पण बीजगणितात २० आणि भूमितीत ७ असतील, तर चित्र पार वेगळं. वर्गसमीकरण तिला येतं, अंकगणिती श्रेढीही येते. अडलंय ते समरूपता, वर्तुळ, प्रमेयाची सिद्धता यांत. अशा मुलीला ‘गणित कच्चं’ म्हणून सगळ्या पुस्तकाची उजळणी करायला बसवलं, तर जे येतं तेच ती पुन्हा पुन्हा सोडवते, कारण त्यात बरं वाटतं, आणि भूमितीचं पुस्तक उघडतच नाही. तिची उत्तरपत्रिका घ्या आणि एवढंच पाहा: प्रमेयाचा प्रश्न कोरा सोडलाय, की आकृती काढून पक्ष आणि साध्य लिहून पुढे थांबलीय? कोरा असेल तर धडाच वाचलेला नाही. साध्यापर्यंत आली असेल तर तिला पायरीमागचं कारण लिहिता येत नाही. पहिल्या दुखण्याला पुस्तक पुरतं, दुसऱ्याला शेजारी बसणारं माणूस लागतं.

(अध्यक्ष घड्याळाकडे बोट दाखवतात.) हो हो, दिसलं. म्हणजे पत्रिकेत छापलेल्या विषयाला आता सात मिनिटं उरली. तर भरभर सांगतो.

४५ हे नक्की कसले, हे विचारा. गुण, बरोबर आलेले प्रश्न, टक्के की पर्सेंटाइल? शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, एकूण १५०. तिथं मुलगा ‘४५’ म्हणाला तर ते गुण असूच शकत नाहीत, कारण दोन-दोनची बेरीज विषम येत नाही. बहुधा ४५ प्रश्न बरोबर आलेत, म्हणजे ९० गुण, ६० टक्के. तेच ४५ गुण समजून तुम्ही ३० टक्के काढलेत, तर पात्रतेच्या ४० टक्क्यांच्या खाली गेला म्हणून उगाच रागवाल. सीईटीत आणखी निराळं, तिथं निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ४५ पर्सेंटाइल म्हणजे साधारण ४५ टक्के मुलांना याच्याइतके किंवा याच्याहून कमी गुण आहेत. पेपरात किती बरोबर आलं, हे त्यातून कळत नाही. ‘एकूण कितीपैकी’ हा प्रश्न तिथं लागूच होत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हेही विचारा. नीटमध्ये रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न असतात, १८० गुण, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. एकानं १५ सोडवले, १२ बरोबर, ३ चूक: ४८ वजा ३, ४५ गुण. दुसऱ्यानं सगळे ४५ सोडवले, १८ बरोबर, २७ चूक: ७२ वजा २७, हेही ४५. पहिल्याला जे येतं ते पक्कं येतं, पण त्यानं तीस प्रश्नांना हातच लावला नाही. त्याचा अभ्यासक्रम राहिलाय की वेळ पुरला नाही, हे त्यालाच विचारावं लागेल. दुसऱ्याला अर्धवट खूप येतं आणि तो ठोकताळ्यावर गोल भरतो. पहिल्याला नवे धडे द्या. दुसऱ्याला काही आठवडे नवं काही न देता, चुकलेल्या २७ प्रश्नांत ‘माहीत नव्हतं’ किती आणि ‘दोन पर्यायांत गोंधळलो’ किती, हे वेगळं काढायला लावा.

वर्गातल्या बाकीच्यांना किती मिळाले हा शेवटचा प्रश्न, आणि तो शेवटीच विचारा. पेपर अवघड होता का, एवढं त्यातून समजतं. वर्गाची सरासरी ३० असेल तर ४५ ची तऱ्हा वेगळी आणि ७० असेल तर वेगळी. पण सरासरी मागायची ती वर्गशिक्षकांकडे. शेजारच्या पिंट्याचे गुण म्हणजे सरासरी नव्हे. (हशा)

आणि हे सगळं विचारूनही आकडा पटत नसेल, तर बोर्डाच्या निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. निकालाच्या दिवशी त्याची मुदत कुठं लिहिली आहे, तेवढं बघून ठेवा. नंतर अर्ज घेत नाहीत. अध्यक्षमहाराज, संपलं.