गरोदरपणातलं पोटदुखणं आणि अपेंडिक्स
(सिंधुदुर्गातल्या आशा कार्यकर्त्यांसमोर एका शल्यचिकित्सकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आशाताईंनो, सातव्या महिन्याच्या बाईच्या पोटात दुखायला लागलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कळा तर नाहीत ना?" तो यायलाच हवा. पण कळा नाहीत असं कळल्यावर सगळे निर्धास्त होतात, आणि मला आज बोलायचंय ते त्यानंतरच्या तासांबद्दल. गरोदरपणात पोटाचं ऑपरेशन करावं लागण्याचं, बाळंतपणाशी संबंध नसलेलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे अपेंडिक्सची सूज. हजार-दीड हजार गरोदर बायकांत साधारण एकीला ती होते.

मालवणजवळच्या एका वाडीतली चोवीस वर्षांची मुलगी, 27 आठवड्यांची गरोदर. संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, जेवण नको झालं, एक उलटी झाली. सासूबाईंनी ओवा दिला. पहाटेपर्यंत दुखणं उजवीकडे सरकलं आणि तिथंच बसलं, पण नेहमीच्या जागेपेक्षा थोडं वर, बेंबीच्या बाजूला. वाढत्या गर्भाशयाबरोबर अपेंडिक्सही वर ढकललं जातं, म्हणून असं होऊ शकतं. तरी लक्षात ठेवा, शेवटच्या महिन्यांतसुद्धा बहुतेकींना उजव्या बाजूला खालीच दुखतं. दोन्ही जागांवर लक्ष हवं.

ती दवाखान्यात आली तेव्हा पोट मऊच होतं. एरवी सुजलेलं अपेंडिक्स पोटाच्या आतल्या अस्तराला लागतं आणि पोट लाकडासारखं कडक होतं. गरोदरपणात मधे गर्भाशय येतं, अस्तर उचललं जातं, सूज त्याला टेकतच नाही. त्यामुळे मऊ पोट बघून कुणी "काही नाही" म्हणू नये.

रक्तात पांढऱ्या पेशी 14,800 होत्या. दुसऱ्या कुणात आम्ही लगेच कान टवकारले असते, पण गरोदर बाईत 15-16 हजारांपर्यंतचा आकडा निरोगीपणीही दिसतो. लघवीत थोड्या पूपेशी सापडल्या. इथे फार जण फसतात, कारण लघवीच्या संसर्गाचं निदान करून गोळ्या दिल्या की प्रकरण संपलं असं वाटतं. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रवाहिनीला चिकटून असेल तरी लघवीत अशा पेशी येतात. सोनोग्राफीत बाळ छान होतं, उजवी किडनी किंचित फुगलेली होती. गरोदरपणात तीही फुगतेच, त्यावरून मुतखडा ठरवता येत नाही. अपेंडिक्स मात्र दिसलंच नाही.

"अपेंडिक्स दिसलं नाही" याचा अर्थ "अपेंडिक्स नीट आहे" असा नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधलं हे एक वाक्य नीट वाचायला मी सगळ्यांना सांगतो. दिवस वर गेलेले असले की ते दिसणं आणखी कठीण होतं.

आम्ही तिला उताणं झोपवून सगळ्यात दुखणाऱ्या जागी पेनाने खूण केली आणि डाव्या कुशीवर वळवलं. गर्भाशय डावीकडे कललं, दुखरी जागा मात्र खुणेवरच राहिली. गर्भाशयाचं दुखणं असतं तर ते सहसा बरोबर सरकलं असतं. या एका तपासणीवर निदान ठरवत नाहीत, पण संशय पक्का होतो. तिला बांबोळीला पाठवलं. तिथे एमआरआय झाला. त्यात क्ष-किरण नसतात, आणि यासाठी शिरेतून औषध देण्याचीही गरज पडत नाही. सुजलेलं अपेंडिक्स स्पष्ट दिसलं.

त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिला थोडं डावीकडे कलवून ठेवलं होतं, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडत नाही. अपेंडिक्स फुटलेलं नव्हतं. पुढे तिला दिवस भरून मुलगी झाली.

फुटलेलं नव्हतं, यावरच सारं अवलंबून होतं. न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये बाळ गमावण्याचा धोका साधारण 100 मध्ये 3 ते 5 असतो, फुटल्यावर तो 20 च्या पुढे जातो. ऑपरेशनची भीती घरच्यांना वाटते, मला ती समजते, पण बाळाला जास्त धोका थांबण्याचा आहे. अर्थात नीट असलेलं अपेंडिक्स उगीच काढणंही निर्धोक नाही, म्हणून तर एमआरआयसाठी एवढा प्रवास करायचा.

दुसरी कारणं असतातच. पित्ताशयातल्या खड्याचं दुखणं बरगडीखाली उजवीकडे, बऱ्याचदा तेलकट जेवणानंतर येतं. मुतखड्याचं पाठीतून जांघेत उतरतं. अंडाशयाला पीळ पडला तर एकदम, असह्य दुखतं.

तुम्ही घरी गेलात की एवढं विचारा: आधी कुठे दुखलं, मग कुठे गेलं, भूक आहे का? पहिल्या महिन्यांत उलट्या नेहमीच्याच, पण दुखणं आधी आणि उलटी नंतर, किंवा पाचव्या-सहाव्या महिन्यात नव्याने उलट्या, हे वेगळं. एरंडेल देऊ नका. खाणंपिणं थांबवा, 108 ला फोन करा. आणि चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहा. ती वेळ पुढच्या डॉक्टरला दुसरीकडून मिळत नाही.