छप्पर आणि दोन पानं

[दृश्य: फोंडा तालुक्यातल्या एका गावातलं वाचनालय. कौलारू छप्पर, समोर बल्काव. आत भिंतीवर ओलीचा लांब ओघळ.]

फेब्रुवारीचा महिना. बाहेर कडक ऊन आहे, तरी या खोलीत बुरशीचा वास येतो. पश्चिमेच्या भिंतीलगतचं कपाट दोन पावसाळ्यांपूर्वी जागेवरून हलवलं, तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरचे दिवाळी अंक एकमेकांना चिकटून वीट झाले होते. ते शेवटी जाळावे लागले.

आज संध्याकाळी कार्यकारी समितीची बैठक आहे. सात माणसं येतील. छपरासाठी पैसे मागायचं काम सहचिटणीस ताईंकडे आहे. त्या शाळेत गणित शिकवतात. गेल्या वर्षीही त्यांनी हाच विषय मांडला होता. तेव्हा हातात फक्त एका ठेकेदाराचा कागद होता आणि त्यावर एकच आकडा. समितीने "पुढच्या बैठकीत बघू" म्हटलं. मला यात समितीची चूक दिसत नाही. एकच आकडा समोर ठेवला की माणसाला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. पैसे लोकांच्या वर्गणीचे असले की नाही म्हणणं सोपं जातं.

[दृश्य: शिडीवर मेस्त. कौलं काढून बाजूला रचतो आहे.]

या वेळी ताईंनी सुरुवात छपरावरून केली. जानेवारीत मेस्ताला बोलावून दोन ठिकाणची कौलं उतरवली. एक जागा गळकी, पश्चिमेकडची. दुसरी पूर्वेकडची, जिथे कधी थेंब पडला नाही. दोन्हीकडे अकरा-अकरा वासे उघडे केले. मेस्ताने प्रत्येक वाशाच्या भिंतीवर टेकणाऱ्या टोकात पेचकस टोचून पाहिला. लाकूड मधोमध टणक असतं, टोकाशी भिंतीची ओल आणि वाळवी ते आतून खाते, त्यामुळे खालून बघून काही कळत नाही. पश्चिमेचे ४ वासे पोकळ निघाले, पूर्वेचा १.

फक्त गळकी जागा उघडली असती, तर सगळं छप्परच कुजलंय असा हिशेब निघाला असता. फक्त कोरडी उघडली असती, तर काम स्वस्त वाटलं असतं. एका उतारावर ३१ वासे आहेत. त्या प्रमाणात पश्चिमेचे साधारण ११ आणि पूर्वेचे ३ बदलावे लागतील. पुढचा सगळा अंदाज या १४ वाशांवर उभा आहे.

[दृश्य: टेबलावर तीन दरपत्रकं.]

दरपत्रकं तीन आली. सर्वांत कमी ३ लाख ९० हजारांचं होतं आणि एका सदस्याचं मन त्यावर बसलं होतं. ताईंनी तिन्ही शेजारी ठेवून ओळ अन् ओळ वाचली. स्वस्त दरपत्रकात परांचीचा खर्च नव्हता, लाकडाला वाळवीचं औषध नव्हतं, कर वेगळा होता. ते सगळं मिळवलं तेव्हा तोच आकडा ४ लाख ९५ हजारांवर गेला. मधलं दरपत्रक ४ लाख ८० हजारांचं, सगळं धरून. म्हणजे स्वस्त वाटणारं महाग निघालं.

[दृश्य: बैठक. पंखा, चहाचे कप, सात माणसं, प्रत्येकापुढे दोन पानं.]

पहिल्या पानावर पहिलीच ओळ शिफारशीची आहे: कुजके वासे आणि रिपा बदलून जुनीच चांगली कौलं पुन्हा चढवावीत, खर्च ४ लाख ८० हजार, शिवाय राखीव ४० हजार. मग खाली पर्याय.

पहिला पर्याय, आजवर चालत आलं तेच. दर मे महिन्यात कौलं चाळायची, वर्षाला ४५ हजार. दिसायला हाच सर्वांत स्वस्त. पण मेस्ताच्या मते आढं फार तर आणखी तीन पावसाळे तग धरेल. तीन वर्षांचे १ लाख ३५ हजार जातील आणि नंतर हेच काम करावं लागेल. दरवर्षी आठ टक्के दरवाढ धरली तर तेव्हा सुमारे ६ लाखांत. काहीच न करणं हाही एक खर्च आहे, आणि तो पानावर आकड्यात लिहिलेला असल्यामुळे पुढची चर्चा त्याभोवती फिरली.

दुसरा पर्याय शिफारशीचा. तिसरा, लोखंडी कैच्यांवर रंगीत पत्रा, ६ लाख २० हजार. यात वाळवीची काळजी नाही. पण आमच्या पावसात पत्र्याखाली बसून वाचता येत नाही, बोललेलंही ऐकू येत नाही. त्यासाठी आतून छत करायचं तर खर्च आणखी वाढतो.

धोक्यांसाठी दोनच ओळी आहेत. उघडल्यावर जास्त वासे कुजके निघाले तर? एका वाशाला साडेचार हजार लागतात. त्यासाठीच राखीव रक्कम आहे, ती अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सहीशिवाय काढता येणार नाही आणि उरली तर परत जमा होईल. दुसरा धोका पावसाचा. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन थडकतो. काम पाच आठवड्यांचं. मार्चअखेरपर्यंत मंजुरी आली नाही, तर यंदा छप्पर उघडायचं नाही, कारण मेस्त एप्रिल-मेमध्ये मागून मिळत नाही. अर्धं उघडं छप्पर घेऊन पावसाला सामोरं जाण्यापेक्षा गळकं परवडलं.

वाचून झाल्यावर खजिनदारांनी चष्मा काढला.

"बाय, ठेव मोडलीस तर पेपरांचं बिल कोण भरणार?"

प्रश्न खरा होता. खात्यात १ लाख २० हजार आहेत, ठेव ४ लाखांची. ठेवीच्या व्याजातून वर्तमानपत्रं आणि मासिकं येतात. पूर्ण ठेव मोडली तर छप्पर होईल, पण खाली वाचायला ताजं काही उरणार नाही.

ताईंनी दुसरं पान उलटायला सांगितलं.

"भाई, ते मागे लिहिलंय. यंदा पश्चिमेचा उतार आणि आढं, पुढच्या वर्षी पूर्वेचा. यंदा राखीव धरून ३ लाख २० हजार लागतील, अर्धीच ठेव मोडेल. पण परांची दोनदा बांधायची, म्हणून एकूण ३० हजार जास्त जातील. माझं म्हणणं एकदमच करावं. तरी हे चालणार नाही असं मी म्हणणार नाही."

हा पर्याय ताईंनी शिफारशीत घातला नव्हता, पण हिशेब तयार ठेवला होता. तो नसता तर विषय पुन्हा पुढच्या बैठकीवर गेला असता, आणि ती बैठक एप्रिलात होती. समितीने टप्प्याटप्प्याचं काम मंजूर केलं. ३० हजार जास्त, हे इतिवृत्तात लिहून. शिफारस पूर्ण मानली गेली नाही. निर्णय मात्र त्याच संध्याकाळी झाला.

[दृश्य: एप्रिल. अंगणात कौलांच्या रांगा. मेस्त एकेक कौल बोटाच्या सांध्याने वाजवून पाहतो.]

चांगलं कौल खणखणतं. तडा गेलेलं ढब्ब वाजतं, ते डावीकडे टाकायचं.

पश्चिमेचे वासे उघडले तेव्हा कुजके १२ निघाले. अंदाजापेक्षा एक जास्त. ताईंनी पावती वहीत चिकटवली आणि खाली लिहिलं: राखीवमधून ४,५०० रुपये, दोन्ही सह्या घेतल्या.