मोडीची कार्यशाळा: आभार, फोटो आणि पुढची तारीख

मंडळी, मागच्या रविवारच्या मोडी कार्यशाळेचे फोटो तिकडे फळ्यावर लावलेत. नक्की बघा, बरोबर बटाटेवड्यांच्या वेळेला उगवलेले सभासदही त्यात ठळक दिसतात. शिकवणाऱ्या काकांचे आणि चहा-वड्यांची बाजू सांभाळणाऱ्यांचे मनापासून आभार.

माझ्या डोक्यातून मात्र एक वाक्य जात नाहीये. एका आबांनी गावच्या इनामाच्या कागदाची प्रत आणली होती. आबा ती उलटसुलट धरून बघत होते. शेजारी बसलेली नात म्हणाली, "तुम्हालाही मराठी वाचता येत नाही ना? मग मला का ओरडता?" आम्ही हसलो. आबा नाही हसले.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही, म्हणजे माझ्यासारख्यांची चंगळच! (माझं देवनागरी अक्षर घरी आधीपासूनच मोडी समजतात.) पण शब्दांत अंतरही नाही. 'पाटीलबाबाजी' आमच्या टेबलावर 'पाटी, लबा, बाजी' असं फुटलं आणि हा लबा कोण यावर बराच वेळ वाद झाला. काकांनी युक्ती सांगितली: आधी मायना वाचा. 'राजमान्य राजश्री', 'गोसावी यांसी' हे ठरलेलंच असतं. त्यातून त्या कारकुनाची अक्षरं ओळखून ठेवायची आणि तीच खाली शोधायची. दुसऱ्या कारकुनाचा कागद आला की पुन्हा पहिल्यापासून.

मग आली तारीख. काकांनी फळ्यावर लिहिलं, 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार; म्हणजे सुहूर सन 1161. त्यात 599 मिळवले की 1760. पण हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून कागद जानेवारीचा असेल तर 600 मिळवायचे. ही बेरीज सगळ्यांच्या आधी त्या नातीनं केली. 1761 चा जानेवारी म्हटल्यावर हॉलमध्ये कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिला लागलं. आबांनी सांगितलं, अर्धं इंग्रजीत.

तिला उत्तर काय द्यायचं, मला अजून सुचलेलं नाही. आपल्या पणजोबांचं अक्षर आपल्याला परकं झालं, आणि आपल्याला त्याचं काही वाटेनासंही झालं. मुलांना रविवारच्या मराठी शाळेत सोडून गाडीत फोन बघत बसणारे आपणच ना? आपली पत्रं उद्या कोण कशी धरून बघेल, कोण जाणे.

पुढची बैठक 14 जूनला, रविवारी, सकाळी दहाला, याच हॉलमध्ये. घरचे जुने कागद असतील तर मूळ प्रत आणू नका. सपाट ठेवून, उजेडात काढलेला फोटो मोठा छापून आणा. आबांचा कागद मायन्यापुढे तीन ओळी सरकलाय. तिथूनच सुरुवात करू. वडे या वेळी शेवटी मिळतील.