राग आलाय की रुसलाय?

नमस्कार. समोर बहुतेक बालवाडीच्या ताई आहेत, काही पालकही आहेत. तेव्हा प्रस्तावना बाजूला ठेवून, लहान मुलांना भावना ओळखायला शिकवणाऱ्या कार्डांकडे थेट जाऊ.

बाजारात भावनांचा तक्ता मिळतो. सोळा-वीस गोल पिवळे चेहरे आणि प्रत्येकाखाली एक नाव. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यात दोनच चेहरे दिसतात, एक हसरा आणि एक न हसणारा. यात मुलाचं काही चुकत नाही. शेरी वायडन आणि जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर बराच अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं, की मुलांच्या मनात आधी 'बरं' आणि 'वाईट' असे दोन मोठे ढीग असतात आणि त्यातून एकेक भावना सावकाश सुटी होते. किळस आलेला चेहरा तर शाळेत जाणारी मुलंही सर्रास 'रागावलाय' म्हणून सांगतात. म्हणून वीस चेहऱ्यांचा तक्ता भिंतीची शोभा वाढवतो, बाकी काही करत नाही.

सुरुवात चार कार्डांनी करा: आनंद, वाईट वाटणं, राग, भीती. कार्ड पोस्टकार्डाएवढं, जाड पुठ्ठ्याचं. त्यावर चित्र नको, खऱ्या माणसाचा फोटो हवा, खांद्यापर्यंतचा, मागे कोरी भिंत. आणि चारही कार्डांवर माणूस एकच हवा. ही गोष्ट हमखास राहून जाते. रागाच्या कार्डावर मिशीवाले काका आणि आनंदाच्या कार्डावर वेणीवाली मुलगी असली, तर मूल 'मिशी म्हणजे राग' एवढंच शिकतं. माणूस तोच राहिला की बदलतो तो फक्त चेहरा, आणि मग नजर भुवया-ओठांकडे जाते. महिन्याभराने दुसऱ्या माणसाचा संच आणा. रागाच्या कार्डाला लाल चौकट करू नका, नाहीतर 'हे काय?' विचारल्यावर 'लाल' असं उत्तर येईल.

एका आठवड्याला एकच नवं कार्ड, रोज गोलात बसून दहा मिनिटं. कार्ड दाखवायचं, नाव सांगायचं, मग आरसा फिरवायचा आणि प्रत्येकाने तसा चेहरा करायचा. त्यानंतर विचारायचं, राग आला की अंगात कुठे कळतं? मुलं मुठी दाखवतात, दात दाखवतात, कोणी कान गरम होतात म्हणतं. हे उत्तर जपून ठेवा, पुढे तेच कामाला येणार आहे.

आता वाक्याबद्दल. मराठीत राग येतो, भीती वाटते, कंटाळा येतो. म्हणजे भावना बाहेरून पाहुण्यासारखी येते आणि येते ती जातेही. 'तुला राग आलाय' हे वाक्य मुलाला नेमकं तेच सांगतं. पण घाईत आपल्या तोंडून काय निघतं? चिडका. रडका. भित्री. या शब्दांत पाहुणा उरत नाही, मूलच तसं ठरतं. कार्डाच्या मागच्या बाजूला ताईंसाठी ठळक अक्षरांत पूर्ण वाक्य लिहून ठेवा: 'तुला राग आलाय असं दिसतंय.' 'दिसतंय' मुद्दाम आहे. आपला अंदाज चुकू शकतो, आणि 'नाही, मला भीती वाटतेय' असं म्हणायला मुलाला जागा हवी.

चार कार्डं पक्की झाली की पाचवं रुसव्याचं घ्यावं, असं माझं मत आहे. बाहेरून आणलेल्या संचांत ते सहसा नसतं, आणि आपल्या घराघरांत ते रोज लागतं. राग कशाचाही येतो, ठोकळ्याचा, पावसाचा, बुटाच्या नाडीचा. रुसवा मात्र फक्त आपल्या माणसावर. आणि रुसवा काढावा लागतो, म्हणजे कोणीतरी जवळ येण्याची त्यात वाट पाहिलेली असते. ओळखायचं कसं? रागावलेलं मूल वस्तूकडे पाहतं, अंग ताठ असतं. रुसलेलं मूल पाठ फिरवतं, गाल फुगवतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तुम्ही पाहताय का ते बघतं. रागावलेल्याला आधी शरीर शांत करायला लागतं, तर रुसलेल्याला 'ये, माझ्याजवळ बस' एवढं पुरतं. शब्द चुकला की उपायही चुकतो.

शांत होण्याची रीत कासवाची घेऊ. 1970 च्या दशकात अमेरिकेत मार्लीन श्नायडर आणि आर्थर रॉबिन यांनी ती शाळकरी मुलांसाठी बसवली, पुढे ती बालवाडीपर्यंत आली. आपल्याला कासव नवीन नाही. देवळात गाभाऱ्यासमोर ते असतं, आणि इंद्रियं आवरून घेण्याला आपण त्याचीच उपमा देतो. पायऱ्या चार. राग आलाय हे ओळखायचं. हात-पाय थांबवायचे. कवचात शिरायचं, म्हणजे हात छातीशी, हनुवटी खाली, आणि तीन श्वास. मग बाहेर येऊन 'आता काय करू या?'

श्वासात सगळ्यांत जास्त गडबड होते. 'खोल श्वास घे' म्हटलं की मूल खांदे उचलून भराभर हवा ओढतं आणि अजूनच ताठ होतं. त्याला सोडण्याचं सांगा: गरम दुधावर फुंकर घाल, दूध सांडू न देता. फुंकर आपोआप लांब आणि हळू होते. तीनदा पुरे.

एक प्रसंग घेऊ. साडेचार वर्षांचा ओम ठोकळ्यांचा मनोरा रचतोय, शेजारच्या मुलीचा धक्का लागून तो पडतो. ओमचा हात उगारलेला. ताई आधी हात अडवते, खाली बसते, हळू आवाजात म्हणते, 'मनोरा पडला. तुला राग आलाय असं दिसतंय. मुठी बघ.' एवढंच. 'असं का केलंस?' हा प्रश्न त्या क्षणी नको, उत्तर शोधायच्या स्थितीत तो नाही. कार्डही त्याच्या नाकासमोर नाचवायचं नाही. 'कासव' म्हणून ताई स्वतःच हात छातीशी घेते आणि फुंकर घालते. ओम दुसऱ्या-तिसऱ्या फुंकरीला सामील होतो, किंवा होतही नाही. खांदे उतरले, मुठी सुटल्या की मगच कार्डं पुढे: 'यातलं कोणतं?' तो कदाचित 'वाईट वाटणं' उचलेल, आणि तेही बरोबरच असेल. शेवटी मनोरा परत रचायचा की मुलीला मदतीला बोलवायचं, हे त्याने ठरवायचं.

हे जमायचं तर कासवाचा सराव आधी शांत वेळी झालेला हवा, बाहुलीला राग आला असं खेळून, रोज एकदा, निदान दोन-तीन आठवडे. राग चढलेला असताना पहिल्यांदा शिकवलेली रीत त्या मुलाला शिक्षाच वाटते. मुलाला शांत होता यावं म्हणून वर्गात ठेवलेल्या कोपऱ्याचंही तसंच. 'जा तिकडे बस!' असं एकदा म्हटलं की तो कोपरा गेला. चटई, उशी आणि कार्डं एवढंच तिथे ठेवा, आणि तीन वर्षांच्या मुलाला तिथे एकटं पाठवू नका, सोबत बसा.

भूक लागलेल्या किंवा झोप आलेल्या मुलावर यातलं काही चालत नाही. आधी खाऊ द्या. आणि एखादं मूल वारंवार स्वतःला इजा करत असेल, तर कार्डांवर विसंबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

काम होतंय का, हे 'मला राग येत नाही आता' यावरून कळत नाही. हात उगारण्याआधी तोंडातून शब्द निघाला, किंवा मूल दुसऱ्याकडे बोट दाखवून 'ताई, ती रुसलीये' म्हणालं, की कळतं. आणखी एक, रागाच्या कार्डाच्या दोन प्रती काढून ठेवा. फाटतं ते पहिलं तेच.